रखडलेले रनिंग बिल मागताना पत्रात नेमके काय लिहावे

सन २०२५ मध्ये शासकीय कामांच्या थकीत देयकांसाठी राज्यभरातील कंत्राटदार संघटनांनी आंदोलने केली, तेव्हा बातम्यांत कोट्यवधींचे आकडे आले. पंधरा-वीस लाखांची संरक्षक भिंत किंवा गावातला काँक्रीट रस्ता करणाऱ्या छोट्या कंत्राटदाराचा प्रश्न त्या आकड्यांत दिसत नाही. त्याचे एक बिल अडकले की खडीवाला, सेंट्रिंगवाला आणि मजुरांचा मुकादम असे तिघेही दारात उभे राहतात, आणि त्याच्या हातात बहुतेक वेळा एकच साधन असते, ते म्हणजे कार्यालयाला लिहायचे पत्र. हे पत्र बहुधा ‘तरी माझे बिल लवकरात लवकर अदा करावे ही विनंती’ एवढ्यावर संपते आणि फाईलला लागून पडून राहते. ते तसे का पडून राहते आणि उपयोगी पडेल असे पत्र कसे लिहावे, हे सातारा जिल्ह्यातील एका कल्पित पण नेहमी घडणाऱ्या उदाहरणातून पाहू.

रनिंग बिल म्हणजे काय

काम पूर्ण होण्याआधी, झालेल्या कामाच्या मोजमापावर जे देयक निघते त्याला रनिंग बिल किंवा चालू देयक म्हणतात. काम संपल्यावर निघते ते अंतिम देयक. चालू देयकाचा हिशेब नेहमी सुरुवातीपासून आजअखेरपर्यंतचा मांडला जातो आणि त्यातून आधी दिलेली रक्कम वजा होते. आपल्या उदाहरणात पाटण तालुक्यातील एका डोंगरी गावात संरक्षक भिंत आणि तिच्या कडेने रस्ता असे १८ लाख ४० हजार रुपयांचे काम आहे, वस्तू व सेवा कर वेगळा. आजअखेर १४ लाख २० हजारांचे काम झाले, पहिल्या बिलात ६ लाख २० हजार मिळाले, म्हणून दुसरे बिल ८ लाखांचे.

ऊस उत्पादकाला पहिली उचल जशी मिळते, तसेच या देयकाचे आहे. उचल हा अखेरचा हिशेब नसतो, तो पुढे जुळवून घेतला जातो. आणि एखाद्या खेपेच्या वजनाबद्दल वाद झाला म्हणून कारखाना बाकीच्या सगळ्या उसाची उचल अडवून ठेवत नाही. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या बी-१ नमुन्यातील करारातही चालू देयकाची रक्कम ही अंतिम देयकापोटी दिलेली आगाऊ रक्कम समजावी असे म्हटलेले आहे. चुकून जास्त गेले तर पुढच्या बिलात वळते करता येते, कमी गेले तर देता येते. याच नमुन्यात कंत्राटदाराने दरमहा देयक सादर करावे आणि ग्राह्य रक्कम शक्यतो दहा दिवसांत चुकती करावी, अशी तरतूद आहे. ‘शक्यतो’ या शब्दामुळे तिला पक्की मुदत म्हणता येत नाही, तरी पत्रात तिचा उल्लेख अवश्य करावा. अर्थात आपल्या करारातील कलम आधी स्वतः वाचूनच तो करावा, कारण वेगवेगळ्या खात्यांचे नमुने सारखे नसतात.

बिल कोणकोणत्या टेबलांवर थांबते

काम झाल्यावर शाखा अभियंता जागेवर मोजमाप घेऊन ते मोजमाप पुस्तिकेत नोंदवतो. तिला सगळे एम.बी. म्हणतात, आणि आता काही ठिकाणी ती संगणकावरही भरली जाते. उपअभियंता ते मोजमाप तपासतो. मग बिल उपविभागातून विभागीय कार्यालयात, म्हणजे कार्यकारी अभियंत्याकडे जाते. तेथील लेखा शाखा दर, परिमाण, आधीचे बिल, साहित्याच्या चाचणीचे अहवाल आणि वाळू-खडी-मुरुमाचे स्वामित्वधन भरल्याचे पुरावे पाहते. सगळे जुळले की बिल पारित होते आणि त्या कामाच्या लेखाशीर्षाखाली निधी उपलब्ध असेल तर पैसे खात्यावर जमा होतात.

या प्रत्येक टप्प्यावर अडण्याचे कारण वेगळे असते आणि म्हणून पत्रातली मागणीही वेगळी असावी लागते. मोजमापच नोंदवलेले नसेल तर ‘पैसे द्या’ म्हणण्याला अर्थ नाही. तेथे अमुक तारखेला संयुक्त मोजमाप घ्यावे अशी मागणी हवी. चाचणी अहवाल नसल्याने बिल थांबले असेल, तर पत्रासोबत अहवाल जोडल्याशिवाय पत्राला काही किंमत नाही. म्हणून लिहायला बसण्याआधी बिल कोठे आहे हे पक्के समजून घ्यावे. ‘बिल वर पाठवलंय’ किंवा ‘ऑडिटला आहे’ या तोंडी उत्तरावर समाधान मानू नये. उपविभागातून बिल कोणत्या जावक क्रमांकाने गेले आणि विभागाने ते शेरा मारून परत केले आहे का, या दोन प्रश्नांतून बहुतेक उलगडा होतो. परत आलेल्या बिलावरील शेरा शब्दशः उतरवून घ्यावा.

आपल्या उदाहरणातील बिल कशामुळे अडले

भिंतीची लांबी २८ मीटर आणि पायाची रुंदी २ मीटर. निविदेत पायाच्या काँक्रीटची जाडी अर्धा मीटर धरली होती, म्हणजे परिमाण २८ घनमीटर. खोदाई केल्यावर तळाला भुसभुशीत माती लागली. शाखा अभियंत्याने पाहणी करून आणखी २५ सेंटिमीटर खाली जाऊन काँक्रीट भरायला सांगितले. हा पाव मीटर गुणिले २८ गुणिले २ म्हणजे १४ घनमीटर काँक्रीट जास्त गेले. उदाहरणापुरता घनमीटरला ५,००० रुपये दर धरला तर ही रक्कम ७०,००० रुपये होते.

मोजमाप पुस्तिकेत प्रत्यक्ष झालेले ४२ घनमीटर नोंदले गेले, कारण तेच खरे होते. लेखा शाखेने मात्र ते निविदेतील २८ शी ताडून पाहिले आणि ‘जादा परिमाणास सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी जोडावी’ असा शेरा मारून संपूर्ण बिल उपविभागाला परत केले. हा शेरा चुकीचा नाही. निविदेपेक्षा काम वाढले की जादा-बचतीचे विवरण, ज्याला कार्यालयात एक्सेस-सेव्हिंग स्टेटमेंट म्हणतात, ते तयार होऊन मंजूर व्हावे लागते. वाढ मोठी असेल तर त्या वाढीव भागाचा दरही करारातील कलमानुसार वेगळा ठरू शकतो. अडचण एवढीच की ७०,००० रुपयांच्या प्रश्नासाठी ८ लाखांचे बिल थांबले, आणि ज्या ७ लाख ३० हजारांबद्दल कोणाचाही आक्षेप नाही तेही त्याबरोबर अडकून पडले.

कंत्राटदाराने येथे ‘माझे ८ लाख द्या’ असे लिहिले तर कार्यालयाला ते देता येणार नाहीत आणि उत्तरादाखल तोच शेरा परत येईल. त्याऐवजी निर्विवाद भागाचे बिल आता पारित करावे आणि वादाचा भाग मंजुरीनंतर पुढील बिलात घ्यावा, अशी मागणी केली तर अधिकाऱ्याला नियमात राहून सही करता येईल असा मार्ग समोर येतो. चालू देयक हे आगाऊ रकमेच्या स्वरूपाचे असल्यामुळे ही मागणी करारात बसते, आणि पत्राचा सारा भर याच मुद्द्यावर ठेवावा.

हातात प्रत्यक्ष किती येणार

मागणी लिहिण्यापूर्वी निर्विवाद भागाचा हिशेब करून ठेवावा. ७,३०,००० वर १८ टक्के वस्तू व सेवा कर १,३१,४०० धरून एकूण ८,६१,४०० होतात. कंत्राटदार एकटी व्यक्ती असेल तर आयकराची कपात १ टक्का, म्हणजे ७,३००. वस्तू व सेवा कराची मुळातून कपात २ टक्के, म्हणजे १४,६००. कराराची किंमत अडीच लाखांहून जास्त असल्यामुळे ती लागू होते. बांधकाम कामगार कल्याण उपकर १ टक्का, ७,३००. सुरक्षा ठेव करारात असेल त्याप्रमाणे. येथे २ टक्के धरली तर १४,६००. अशा ४३,८०० रुपयांच्या कपाती जाऊन ८,१७,६०० रुपये खात्यावर यायला हवेत. त्यातले जवळजवळ १ लाख १७ हजार हे कराचे असतात आणि ते आपले नव्हेत, हे मजुरांना आणि दुकानदारांना तारखा देताना ध्यानात ठेवावे.

पत्राचा मसुदा

करार ज्या अधिकाऱ्याशी झाला आहे त्याच्या नावे पत्र लिहावे. बांधकाम विभागात तो कार्यकारी अभियंता असतो. उपअभियंत्याला प्रत द्यावी, कारण परत आलेले बिल दुरुस्त करून पुन्हा पाठवण्याचे काम त्याच्याकडे असते.

> दिनांक : ____
>
> प्रति,
> मा. कार्यकारी अभियंता,
> ____ विभाग, जि. सातारा
>
> विषय : मौजे ____, ता. पाटण येथील संरक्षक भिंत व रस्त्याच्या कामाचे दुसरे चालू देयक, निर्विवाद भागापुरते, अदा करणेबाबत.
>
> संदर्भ : १) कार्यारंभ आदेश क्र. ____, दि. ____
> २) करार क्र. ____
> ३) उपविभागाचे जावक क्र. ____, दि. ____ अन्वये सादर देयक
> ४) उक्त देयकावरील आपल्या कार्यालयाचा दि. ____ चा शेरा
>
> महोदय,
>
> उपरोक्त कामाचे आजअखेरचे मोजमाप दि. ____ रोजी मोजमाप पुस्तिका क्र. ____, पान क्र. ____ ते ____ वर नोंदविण्यात आले असून उपअभियंता यांनी ते दि. ____ रोजी तपासले आहे. त्यानुसार आजअखेरच्या कामाची किंमत रु. १४,२०,००० असून पहिल्या देयकाचे रु. ६,२०,००० वजा जाता रु. ८,००,००० (कर वगळून) इतके दुसरे देयक सादर झालेले आहे.
>
> पायाच्या काँक्रीटचे परिमाण निविदेतील २८ घनमीटरऐवजी ४२ घनमीटर झाल्याने जादा परिमाणास मंजुरी जोडावी, अशा शेऱ्यासह हे देयक परत करण्यात आले आहे. पायाच्या तळाशी भुसभुशीत माती आढळल्याने २५ सें.मी. अधिक खोली घेण्याची सूचना दि. ____ रोजी साइट ऑर्डर बुकात देण्यात आली होती. तिची प्रत सोबत जोडली आहे.
>
> सदर आक्षेप १४ घनमीटर, म्हणजे रु. ७०,००० एवढ्या रकमेपुरता आहे. उर्वरित रु. ७,३०,००० च्या कामाबाबत कोणताही आक्षेप नोंदविलेला नाही. करारातील कलम क्र. ____ नुसार चालू देयक हे अंतिम देयकापोटीच्या आगाऊ रकमेच्या स्वरूपाचे असल्याने विनंती करण्यात येते की,
>
> अ) रु. ७,३०,००० व त्यावरील कर इतके देयक नियमानुसार कपाती करून पारित करावे;
> ब) १४ घनमीटरची रक्कम मोजमापातून कमी न करता ‘मंजुरीच्या अधीन रोखून ठेवलेली’ अशी दर्शवावी;
> क) जादा-बचतीचे विवरण मंजुरीसाठी सादर करण्याबाबत उपविभागास कळवावे.
>
> देयकासाठी माझ्याकडून आणखी कोणत्याही कागदाची आवश्यकता असल्यास तसे लेखी कळविल्यास तो त्वरित सादर करीन.
>
> आपला विश्वासू,
> (सही, नाव, नोंदणी क्रमांक)
>
> सोबत : साइट ऑर्डर बुकातील सूचनेची प्रत, पायाची छायाचित्रे, काँक्रीटच्या चाचणीचे अहवाल, स्वामित्वधन भरल्याच्या पावत्या.
>
> प्रत : मा. उपअभियंता, ____ उपविभाग, यांना माहितीसाठी व पुढील कार्यवाहीसाठी.

या पत्रात घरच्या अडचणी, कर्जाचे हप्ते आणि देणेकऱ्यांचा तगादा यांचा उल्लेख नाही. त्या अडचणी खऱ्या असतात, आणि त्या सांगाव्याशा वाटणे अगदी स्वाभाविक आहे. पण लेखा शाखेला त्यांवर टिपणी लिहिता येत नाही. पान क्रमांक, तारीख आणि कलम यांवर लिहिता येते. पत्र देताना दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

सूचना तोंडीच दिली असेल तर?

असे बऱ्याचदा होते. पाया उघडा पडलेला असतो, पाऊस तोंडावर असतो, साहेब जागेवर येऊन ‘खाली घ्या, भरून टाका’ म्हणतात आणि साइट ऑर्डर बुक कोणाच्या तरी गाडीत असते. अशा वेळी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ‘आपण आज पाहणी करून दिलेल्या सूचनेनुसार पायाची खोली २५ सें.मी. वाढवीत आहोत’ असे दोन ओळींचे पत्र उपविभागाच्या आवकला द्यावे. काँक्रीट भरण्यापूर्वी पायात टेप धरून काढलेली छायाचित्रे ठेवावीत. पाया एकदा झाकला गेला की त्याची जाडी तपासणे फार कठीण होते, म्हणून जमिनीखाली जाणाऱ्या कामाचे मोजमाप झाकण्यापूर्वीच घ्यावे, असे लेखी सांगणे कंत्राटदाराच्या हिताचे असते.

निधीच नसेल तर पत्राचा काय उपयोग?

हा आक्षेप रास्त आहे. राज्य शासनाचा निधी बीम्स या संगणक प्रणालीतून लेखाशीर्षनिहाय वितरित होतो आणि वितरण नसेल तर कार्यकारी अभियंत्याला इच्छा असूनही पैसे देता येत नाहीत. तरीही बिल पारित होऊन निधीची वाट पाहणे आणि बिल शेऱ्यासह उपविभागात पडून असणे यांत मोठे अंतर आहे. निधी येतो तेव्हा, विशेषतः मार्चच्या शेवटच्या दिवसांत, तयार असलेली बिले निघतात आणि त्रुटीची बिले मागे राहतात. म्हणून निधीअभावी बिल थांबले असेल तेव्हा पत्रात दोनच गोष्टी मागाव्यात. पहिली, बिल पारित करून त्याचा दिनांक कळवावा. दुसरी, ही रक्कम प्रलंबित दायित्वात धरून निधीच्या मागणीत समाविष्ट केली आहे का, हे लेखी कळवावे. या दुसऱ्या प्रश्नाच्या लेखी उत्तराचा पुढे उपयोग होतो, तो कसा ते खाली येईल.

पैसे मिळेपर्यंत काम थांबवावे का?

बिल अडले म्हणून मनानेच काम बंद करणे धोक्याचे आहे. मुदत उलटली की करारातील विलंबाच्या दंडाचे कलम लागू होते आणि ‘तुमचेच बिल अडले होते’ हे नंतर तोंडी सांगून भागत नाही. पैशाअभावी कामाचा वेग खरोखरच कमी झाला असेल तर मुदतवाढीचा अर्ज वेगळ्या पत्राने द्यावा. बी-१ नमुन्यात असा अर्ज अडथळा आल्यापासून ३० दिवसांच्या आत किंवा कामाची मुदत संपण्यापूर्वी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, करायचा असतो. बिलाच्या पत्रातच शेवटी एक ओळ मुदतवाढीची घालण्याची पद्धत आहे, ती टाळावी. दोन विषयांच्या फाईली वेगळ्या असतात आणि ती ओळ दुसऱ्या फाईलपर्यंत पोहोचत नाही.

उत्तरच आले नाही तर?

पंधरा-वीस दिवसांनी पहिल्या पत्राचा आवक क्रमांक देऊन स्मरणपत्र द्यावे. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्या आणि कामातील दिरंगाई यांबाबतच्या २००५ च्या महाराष्ट्र कायद्यात, सर्वसाधारणपणे कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त काळ प्रलंबित राहू नये, असे कलम १० मध्ये आहे. स्मरणपत्रात त्याचा सौम्य उल्लेख पुरे. त्यानेही काही हलले नाही तर माहिती अधिकारात अर्ज करावा. त्याची फी १० रुपये असते आणि ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते. अर्जात ‘बिल का दिले नाही’ असे विचारू नये, कारण कारण विचारणारा प्रश्न सहज टोलवला जातो. देयकाची, त्यावरील सर्व शेऱ्यांची आणि टिपणीची साक्षांकित प्रत मागावी.

असे लिहिल्याने अधिकारी नाराज होतील आणि पुढच्या कामात त्रास देतील, ही भीती खोटी आहे असे म्हणणार नाही. पण वर दिलेल्या मसुद्यात कोणावर आरोप नाही. उलट सही करणाऱ्याला लेखापरीक्षणात दाखवता येईल असा आधार त्यात आहे. बहुतेक अधिकाऱ्यांना असे पत्र फाईलवर असलेले बरे वाटते, हा माझा अनुभव आहे.

व्याज आणि कोर्टाचा मार्ग

लघुउद्योग म्हणून नोंदणी असेल तर ४५ दिवसांनंतर व्याज मिळते, असे अनेकांना सांगितले जाते. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्यात तशी तरतूद आहेच. मात्र बांधकामाच्या करारांना ती लागू होते का, याबद्दल न्यायालयांची मते वेगवेगळी आहेत आणि मुंबई उच्च न्यायालयाचे निर्णय कंत्राटदाराच्या विरोधातही गेलेले आहेत. त्यामुळे केवळ त्या भरवशावर राहू नये.

मुदतीकडे मात्र कधीही दुर्लक्ष करू नये. कामाच्या पैशांसाठी दावा लावायला साधारण ३ वर्षे मिळतात आणि आपण कितीही स्मरणपत्रे लिहिली तरी ती मुदत वाढत नाही. कार्यालयाने मुदतीच्या आत सही करून देणे मान्य केल्याचे पत्र दिले तर तेव्हापासून ती नव्याने मोजली जाते. प्रलंबित दायित्वाबाबत लेखी उत्तर मागायचे ते यासाठी. शासनाविरुद्ध दाव्यापूर्वी दोन महिन्यांची नोटीसही द्यावी लागते, म्हणून अडीच वर्षे होईपर्यंत वकिलाकडे न जाणे फार उशिराचे ठरते.

पैसे जमा झाल्यावर काय पाहावे

रक्कम खात्यावर आली की देयकाची प्रत घेऊन कपाती आपल्या हिशेबाशी जुळवाव्यात. आयकराची आणि वस्तू व सेवा कराची कपात आपल्या क्रमांकावर दिसते का, हे त्या त्या संकेतस्थळावर पाहावे. कार्यालयाकडून क्रमांकात चूक झाली तर कापलेले पैसे आपल्या नावावर जमा दिसत नाहीत. मग मोजमाप पुस्तिकेत पायाच्या काँक्रीटची ओळ पाहावी. तेथे ४२ घनमीटर तसेच असतील आणि १४ घनमीटरची रक्कम रोखून ठेवलेली दाखवली असेल, तर तिसऱ्या बिलात ती मागता येते. पण ४२ खोडून २८ केलेले आढळले आणि त्याखाली ‘मोजमाप मान्य’ म्हणून आपली सही मागितली जात असेल, तर सहीसोबत ‘१४ घनमीटरच्या हक्कास बाध न येता’ असे स्वतःच्या हाताने लिहावे आणि त्याच दिवशी तसे पत्र आवकला द्यावे.